श्वानांतील लिम्फोमा : टप्पा, पूर्वानुमान आणि उपचाराच्या प्रतिसादाचे मोजमाप

श्वानांच्या कर्करोगांत लिम्फोमाचे स्थान काहीसे वेगळे आहे. शस्त्रक्रियेने काढून टाकावी अशी एखादी गाठ या रोगात बहुधा नसते, कारण रोग ज्या पेशींचा आहे त्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून सर्व शरीरभर फिरत असतात, आणि त्यांपैकी एका पेशीची अनियंत्रित वाढ सुरू झाली की तिची संतती लसिकाग्रंथींत, प्लीहेत, यकृतात आणि अस्थिमज्जेत थोड्याच आठवड्यांत पसरते. म्हणूनच या रोगाचा उपचार पहिल्यापासून औषधांचा, म्हणजे केमोथेरपीचा असतो. आणि औषधाचा उपचार म्हटला की तीन प्रश्न उभे राहतात. रोग किती पसरला आहे, पुढे काय होण्याचा संभव आहे, आणि दिलेले औषध लागू पडते आहे की नाही, हे ते प्रश्न होत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला टप्पा म्हणतात, दुसऱ्याला पूर्वानुमान आणि तिसऱ्याला प्रतिसाद. ही तिन्ही उत्तरे एकमेकांपासून निघतात, असा समज पशुपालकांत आणि काही प्रमाणात व्यवसायातही आढळतो. चौथा टप्पा म्हणजे आशा सोडावी आणि गाठी विरघळल्या म्हणजे रोग गेला, अशी त्या समजाची दोन टोके आहेत. ही दोन्ही अनुमाने का चुकतात याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे.

आजही वापरात असलेली टप्प्यांची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली पाळीव प्राण्यांतील अर्बुदांच्या वर्गीकरणाबरोबर प्रसिद्ध केली. तिच्यात रोग एकाच ग्रंथीत किंवा एकाच अवयवातील लसिका ऊतीत असेल तर पहिला टप्पा, एकाच विभागातील अनेक ग्रंथींत असेल तर दुसरा, शरीरभरच्या ग्रंथींत असेल तर तिसरा, यकृत किंवा प्लीहा यांत उतरला असेल तर चौथा, आणि रक्त, अस्थिमज्जा अथवा अन्य अवयवांत पोचला असेल तर पाचवा मानला जातो. या प्रत्येक टप्प्याला पुन्हा ‘अ’ किंवा ‘ब’ असे उपटप्प्याचे अक्षर जोडले जाते. कुत्रा खातो-पितो, खेळतो, आणि गाठींखेरीज त्याला काही त्रास नाही, असे असेल तर उपटप्पा ‘अ’. वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे, उलट्या, जुलाब, ताप, धाप अशी सर्वांगीण लक्षणे असतील तर ‘ब’. टप्प्याचा आकडा ठरवण्यासाठी छातीचे एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, रक्ताची पूर्ण तपासणी आणि कधी अस्थिमज्जेचा नमुना इतका खटाटोप करावा लागतो, तर उपटप्प्याचे अक्षर तपासणीच्या टेबलापाशी पशुपालकाशी नीट बोलून आणि कुत्र्याला हात लावून ठरते. असे असूनही पूर्वानुमानाच्या दृष्टीने हे अक्षर त्या आकड्यापेक्षा अनेकदा अधिक बोलके ठरते.

याचे कारण असे की बहुसंख्य कुत्रे पहिल्यांदा दवाखान्यात येतात तेव्हाच तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यात असतात. लसिकाग्रंथी वाढल्याने दुखत नाहीत. जबड्याखाली हात फिरवताना दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी लागल्या की मग घरच्यांचे लक्ष जाते, आणि तोवर खांद्यापुढच्या व गुडघ्यामागच्या ग्रंथीही वाढलेल्या असतात. पाचांपैकी दोन टप्पे असे जवळजवळ रिकामे राहिले, की उरलेल्या तिघांत भेद करण्याची या पद्धतीची शक्ती कमी होते. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांतील कुत्र्यांना एकच उपचार दिला तर त्यांच्या आयुर्मानात मोठा फरक पडताना दिसत नाही, कारण यकृत आणि प्लीहा यांतील रोगपेशी औषधाला ग्रंथींतील पेशींइतक्याच वश होतात. अस्थिमज्जा मोठ्या प्रमाणावर व्यापली गेली असेल, रक्तपेशींची निर्मितीच त्यामुळे खुंटली असेल, तर मात्र गोष्ट निराळी. तेथे रोग वाईट असतोच, शिवाय औषधाची पुरेशी मात्रा सोसण्याची शरीराची ताकदही कमी झालेली असते.

टप्पा ठरवण्यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. समजा, एका दवाखान्यात सोनोग्राफी होत नाही आणि दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी करून शिवाय प्लीहेतून सुईने पेशीही काढल्या जातात. पहिल्या ठिकाणी जो कुत्रा तिसऱ्या टप्प्यात गणला जाईल, तोच दुसऱ्या ठिकाणी चौथ्या टप्प्यात जाईल. असे कुत्रे तिसऱ्या टप्प्यातून निघून गेले की त्या टप्प्यात खरोखर कमी रोग असलेलेच उरतात आणि त्यांची सरासरी सुधारते. चौथ्या टप्प्यात जे नव्याने आले त्यांचा रोग तेथील जुन्या कुत्र्यांपेक्षा सौम्य असल्याने त्याही टप्प्याची सरासरी सुधारते. एकाही कुत्र्याचे आयुष्य एका दिवसाने वाढले नाही, तरी दोन्ही टप्प्यांचे आकडे चांगले दिसू लागतात. माणसांच्या फुप्फुसाच्या कर्करोगात हा प्रकार १९८५ साली अल्व्हन फाइन्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. टप्प्याचे हे स्थलांतर श्वानांच्या लिम्फोमातही घडते, हे पुढे पशुवैद्यकातील अभ्यासांतून स्पष्ट झाले. म्हणून टप्पा सांगताना तो कोणत्या तपासण्यांच्या आधारे ठरवला हे त्याच ओळीत नोंदवणे आवश्यक असते, आणि दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी तपासण्या समान होत्या का हे पाहावे लागते.

पूर्वानुमानाचा खरा आधार पेशीच्या जातीत आहे. लिम्फोसाइट मुख्यतः दोन कुळींच्या असतात : प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची बी-कुळी आणि थायमस ग्रंथीत घडणारी टी-कुळी. श्वानांत सर्वाधिक आढळणारा प्रकार बी-कुळीच्या मोठ्या पेशींचा, पसरट वाढीचा आणि वेगवान असतो. तरीही केमोथेरपीला तो उत्तम प्रतिसाद देतो. वेगाने वाढणारा टी-कुळीचा रोग सुरुवातीला प्रतिसाद देतो, परंतु तो प्रतिसाद कमी काळ टिकतो. बॉक्सर जातीत या टी-कुळीच्या रोगाचे प्रमाण अधिक दिसते. या कुळीचा रोग छातीच्या मध्यभागी, हृदयापुढे गाठ करून बसतो तेव्हा त्याच्या पेशी पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक द्रव्य स्रवतात, हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते, आणि कुत्रा भांडेच्या भांडे पाणी पिऊन तितक्याच वेळा लघवी करू लागतो. रक्तातील वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडांना इजा करते, म्हणून ते लवकर ओळखावे लागते; त्याशिवाय ते टी-कुळीकडे बोट दाखवते, म्हणून पूर्वानुमानातही त्याला महत्त्व आहे.

याच्या उलट, ‘टी-झोन लिम्फोमा’ नावाचा टी-कुळीचाच एक संथ प्रकार आहे. तो गोल्डन रिट्रीव्हर जातीत विशेष आढळतो, त्याच्या पेशींवरून सीडी४५ नावाचे प्रथिन नाहीसे झालेले असते, आणि शरीरभर गाठी व रक्तात वाढलेल्या लिम्फोसाइट असूनही हे कुत्रे कित्येकदा दीड-दोन वर्षांहून अधिक काळ सुखाने जगतात. टप्प्याच्या हिशेबाने असा कुत्रा पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातला ठरतो. त्याच्या पालकाला केवळ हा आकडा सांगून निरोप देणे, अथवा त्याच्यावर विनाकारण तीव्र केमोथेरपी सुरू करणे, ही या क्षेत्रातील अत्यंत क्लेशदायक चूक आहे, आणि पेशीची जात तपासली तर ती टाळता येते. त्यासाठी ग्रंथीतून बारीक सुईने काढलेल्या जिवंत पेशींवर फ्लो सायटोमेट्री करतात, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडे चिकटवून यंत्राने एकेक पेशी मोजतात. ही सोय नसेल तर ग्रंथीचा तुकडा काढून त्यावर सीडी३ आणि सीडी२० या प्रथिनांची रंजनपरीक्षा करता येते. पहिले टी-कुळीची आणि दुसरे बी-कुळीची खूण आहे.

हे सर्व करण्यापूर्वी आपल्या हवामानात एक शंका फेडून घ्यावी लागते. गोचिडांमार्फत पसरणारा एर्लिचिया कॅनिस या जिवाणूचा ताप महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्रास आढळतो. त्यातही लसिकाग्रंथी आणि प्लीहा वाढतात, वजन घटते, प्लेटलेट कमी होतात. रोगपेशी एकाच पेशीची संतती आहेत का हे त्यांच्या जनुकांच्या फेरजुळणीवरून शोधणारी पीसीआर चाचणी या तापात क्वचित खोटा होकारही देते. म्हणून या चाचणीचा निकाल एकट्याने पुरेसा मानता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालील पेशींचे रूप, गोचीड-तापाची चाचणी आणि जनुकचाचणी ही एकत्र वाचावी लागतात. सुई कोणत्या ग्रंथीत घालावी यालाही महत्त्व आहे. जबड्याखालच्या ग्रंथी सहज हाताला लागतात, पण दात आणि हिरड्यांच्या किरकोळ दुखण्यानेही त्या सुजलेल्या असतात आणि शेजारीच लाळग्रंथी असते. त्यामुळे खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची ग्रंथी निवडणे शहाणपणाचे ठरते.

निदानापूर्वीच प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू होणे, हा भारतातील रोजच्या व्यवहारात वरचेवर घडणारा आणि फार नुकसान करणारा प्रकार आहे. हे स्टेरॉइड लिम्फोसाइट मारते, त्यामुळे गाठी दोन-चार दिवसांत उतरतात आणि घरच्यांना बरे वाटते. मात्र ज्या पेशी वाचतात त्या औषध बाहेर फेकणारा प्रथिनाचा पंप अधिक प्रमाणात बनवणाऱ्या असण्याचा संभव असतो, आणि हाच पंप पुढे व्हिंक्रिस्टीन व डॉक्सोरुबिसिन या मुख्य औषधांनाही पेशीबाहेर हाकलतो. स्टेरॉइड आधी घेतलेल्या कुत्र्यांत केमोथेरपीने मिळणारा आराम कमी काळ टिकतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. शिवाय गाठी उतरल्याने पेशीचा चांगला नमुना मिळत नाही, टप्पा खोटाच खालचा दिसतो, आणि पुढे ज्या मापाशी तुलना करायची ते पहिले मापच हातचे जाते. केवळ स्टेरॉइडवर ठेवलेल्या कुत्र्याला साधारण एक ते दोन महिने मिळतात. उपचारच न केल्यास चार ते सहा आठवडे. पालकाने पूर्ण विचारान्ती स्टेरॉइडच निवडले तर तो त्याचा निर्णय आहे आणि त्याचा आदर व्हावा, पण निवड करण्यापूर्वीच ती त्याच्यासाठी होऊन जाऊ नये.

बी-कुळीच्या वेगवान रोगासाठी आज मान्य असलेला उपचार चार औषधांचा असतो : सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टीन आणि प्रेडनिसोलोन. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातून रूढ झालेल्या एका क्रमात पहिल्या आठवड्यात व्हिंक्रिस्टीन, दुसऱ्यात सायक्लोफॉस्फामाइड, तिसऱ्यात पुन्हा व्हिंक्रिस्टीन, चौथ्यात डॉक्सोरुबिसिन आणि पाचव्यात विश्रांती असे आवर्तन चार वेळा होऊन सुमारे १९ आठवड्यांत उपचार संपतो. प्रेडनिसोलोन मात्र पहिल्या चार आठवड्यांतच कमी करत थांबवतात. या उपचाराने बी-कुळीच्या रोगात दहांतील आठ-नऊ कुत्र्यांत रोगाची सर्व दृश्य चिन्हे नाहीशी होतात आणि मध्यक आयुर्मान सुमारे एक वर्षाचे असते. मध्यक म्हणजे निम्मे कुत्रे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात अशी मर्यादा. ती कोणत्याही एका कुत्र्याची मुदत नव्हे. पाचांतील एखादा कुत्रा दोन वर्षे ओलांडतो, आणि तो कोणता असेल हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. या आकड्याबाबत आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. श्वानांचा मृत्यू बहुधा वेदनामुक्तीसाठी दिलेल्या इंजेक्शनाने होतो, म्हणून आयुर्मानाच्या आकड्यात रोगाच्या जोडीने घरच्यांची ऐपत आणि त्यांचा निर्णयही मोजला जातो. औषधाची ताकद तोलायची असेल तर रोग दबलेला राहण्याचा काळ, म्हणजे पहिल्या रोगशमनाची लांबी, हे अधिक प्रामाणिक माप आहे.

तो काळ मोजायचा तर गाठी मोजाव्या लागतात, आणि कशा मोजाव्यात याचे नियम ‘व्हेटरिनरी कोऑपरेटिव्ह ऑन्कॉलॉजी ग्रुप’ या पशुकर्करोगतज्ज्ञांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांनुसार उपचारापूर्वी जास्तीत जास्त पाच ग्रंथी लक्ष्य म्हणून निवडतात. प्रत्येक ग्रंथी निदान २ सेंमी लांब असावी लागते. कॅलिपर या मापनयंत्राच्या दोन जबड्यांत धरून प्रत्येकीचा सर्वांत लांब व्यास घेतात आणि पाचही व्यासांची बेरीज नोंदवतात. सर्व ग्रंथी निरोगी आकाराला परतल्या आणि रोगाचा अन्य पुरावा उरला नाही तर पूर्ण शमन. बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटली तर आंशिक शमन. आजवरच्या सर्वांत लहान बेरजेच्या तुलनेत ती निदान २० टक्क्यांनी वाढली आणि एखादी तरी ग्रंथी ५ मिमीने मोठी झाली, अथवा नवी गाठ आली, तर रोगवृद्धी. आणि यांपैकी काहीच नसेल तर स्थिर रोग. शमन किमान २८ दिवस टिकले तरच ते खरे धरतात. हे माप वरवर सोपे दिसले तरी प्रत्यक्षात हाताच्या सवयीवर अवलंबून असते. त्वचेखालची चरबी ग्रंथीबरोबर धरली गेली की ४ मिमी वाढतात. काखेतली ग्रंथी बोटांतून निसटते. जबड्याखाली दोन-तीन ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि आज एक मोजली, पुढच्या आठवड्यात दोन मिळून मोजल्या, असे होते. म्हणून शक्यतो एकाच व्यक्तीने, कुत्रा उभा असताना, त्याच क्रमाने मोजावे आणि कोणती ग्रंथी घेतली हे आकृतीवर खूण करून ठेवावे.

हे नियम कसे चालतात हे समजण्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या अनुभवाला धरून रचलेले उदाहरण घेता येईल. सात वर्षांची, २८ किलो वजनाची लॅब्रेडोर कुत्री गाठी दिसल्या म्हणून आणली जाते. ती नेहमीसारखी खाते, फिरते. गोचीड-तापाची चाचणी नकारार्थी येते, प्लेटलेट आणि कॅल्शियम योग्य असते. गुडघ्यामागच्या ग्रंथीतून काढलेल्या नमुन्यात निम्म्याहून अधिक पेशी मोठ्या, म्हणजे त्यांचे केंद्रक तांबड्या पेशीच्या दुप्पट किंवा त्याहून मोठे आणि ठळक उपकेंद्रके असलेले, अशा असतात. फ्लो सायटोमेट्रीत बी-कुळी निघते. सोनोग्राफीत प्लीहा मोठी दिसते आणि तिच्यातल्या पेशीही त्याच जातीच्या असतात. टप्पा चौथा, उपटप्पा ‘अ’. लक्ष्य म्हणून निवडलेल्या पाच ग्रंथींची मापे अशी येतात : जबड्याखालची उजवी ३.८ सेंमी, खांद्यापुढची डावी ५.० आणि उजवी ४.७, गुडघ्यामागची डावी ३.४ आणि उजवी ३.१. बेरीज २०.० सेंमी.

औषधाची मात्रा वजनावर नव्हे तर शरीराच्या पृष्ठफळावर ठरवतात. २८ किलोच्या कुत्रीचे पृष्ठफळ सुमारे ०.९३ चौरस मीटर होते, आणि व्हिंक्रिस्टीन दर चौरस मीटरला ०.७ मिलिग्रॅम द्यायचे असल्याने तिला सुमारे ०.६५ मिलिग्रॅम मिळते. हे औषध शिरेबाहेर सांडले तर त्वचा आणि स्नायू कुजतात, म्हणून सुई शिरेत स्वच्छ बसल्याची खात्री करूनच ते दिले जाते. सातव्या दिवशी बेरीज १३.५ सेंमी भरते. घट साडेबत्तीस टक्क्यांची आहे, म्हणजे आंशिक शमनाची रेषा ओलांडली गेली, पण सात दिवसांवरून तसे जाहीर करता येत नाही. त्याच दिवशी रक्तातील न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मोजल्या जातात, कारण औषध दिल्यावर साधारण आठवड्याने त्यांची संख्या सर्वांत खाली जाते. ती दर मायक्रोलिटरला १,५०० च्या खाली असेल तर पुढची मात्रा आठवडाभर पुढे ढकलावी, हा व्यवहारातला सामान्य दंडक आहे. येथे संख्या २,९०० निघते आणि उपचार चालू राहतो.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस पाच मापे १.४, १.५, १.३, १.० आणि ०.९ सेंमी, बेरीज ६.१ येते. ग्रंथी मऊ, चपट्या आणि निरोगी आकाराच्या वाटतात. पण प्लीहेत रोग होता, म्हणून केवळ बोटांच्या साक्षीवर पूर्ण शमन म्हणता येत नाही. सोनोग्राफी पुन्हा केली जाते आणि प्लीहा पूर्ववत झालेली दिसते तेव्हाच तशी नोंद होते. ही नोंद घरच्यांना समजावून सांगताना एक हिशेब सांगणे उचित आहे. एक ग्रॅम अर्बुदात सुमारे १०० कोटी पेशी मावतात, आणि तेवढे अर्बुद शरीरभर विखुरलेले असेल तर ना हाताला लागते ना सोनोग्राफीत दिसते. पूर्ण शमन म्हणजे रोगपेशी दिसेनाशा होणे; त्या शून्य होणे नव्हे. म्हणूनच कुत्री धडधाकट दिसत असताना उरलेल्या मात्रा चुकवू नयेत असा आग्रह धरावा लागतो.

बाराव्या आठवड्यात गुडघ्यामागची डावी ग्रंथी १.० वरून १.७ सेंमी होते आणि घरातले घाबरतात. बेरीज ६.८ होते, म्हणजे वाढ ११ टक्क्यांची. एका ग्रंथीची वाढ ५ मिमीहून अधिक असली तरी बेरजेची वाढ २० टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे नियमाने ही रोगवृद्धी नाही. पण नियमावर विसंबून न राहता कारण शोधले जाते, आणि त्याच पायाच्या पंजात काचेची जखम सापडते. सुईच्या नमुन्यात लहान लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि न्यूट्रोफिल यांचे मिश्रण दिसते, म्हणजे जखमेला दिलेले ते स्वाभाविक उत्तर असते. जखम भरताच ग्रंथी १.१ वर येते. अशा वेळी नमुना न घेता औषधे बदलली असती तर चालू असलेला उत्तम उपचार विनाकारण मोडला गेला असता.

१९ आठवड्यांनी उपचार पूर्ण होतो आणि तपासणी महिन्याला एकदा ठरते. चौतिसाव्या आठवड्यात मापे १.९, २.३, १.६, १.१ आणि १.० येतात, बेरीज ७.९. पहिल्या दिवसाच्या २०.० शी तुलना केली तर ती अजून ६० टक्क्यांनी कमी आहे, कुत्री आनंदात आहे, आणि घरच्यांना काही वावगे वाटलेले नाही. पण तुलना पहिल्या दिवसाशी करायची नसून सर्वांत लहान बेरजेशी करायची असते. ६.१ वरून ७.९ म्हणजे साडेएकोणतीस टक्क्यांची वाढ, आणि खांद्यापुढची डावी ग्रंथी ८ मिमीने मोठी झालेली. दोन्ही अटी पुऱ्या होतात. या वेळी नमुन्यात पुन्हा त्याच मोठ्या पेशी दिसतात आणि रोग परतल्याचे निश्चित होते. पहिले शमन सुमारे सात महिन्यांचे ठरते.

रोग परतत असल्याचे याहून आधी कळू शकते का, यावर बरेच संशोधन झाले आहे. रोगपेशींच्या जनुकीय फेरजुळणीला अनुसरून त्या कुत्र्यापुरती खास पीसीआर चाचणी बनवली तर रक्तात उरलेल्या हजारो पेशींतली एखादी रोगपेशी ओळखता येते, आणि जपानमधील अभ्यासांत गाठी वाढण्यापूर्वी काही आठवडे ही संख्या चढू लागल्याचे आढळले. पेशीविभाजनाच्या वेळी वाढणाऱ्या थायमिडीन कायनेज या विकराचे रक्तातील प्रमाणही असाच इशारा देऊ शकते. या चाचण्या मोलाच्या आहेत, परंतु लवकर कळल्याने लवकर सुरू केलेला उपचार कुत्र्याला अधिक आयुष्य देतो, हे त्यांनी अद्याप सिद्ध केलेले नाही. तोवर महिन्याची कॅलिपरची मोजणी आणि घरच्यांची दर आठवड्याची चाचपणी हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि जबडा, खांदा व गुडघा या तीन जागा कशा चाचपाव्यात हे पशुवैद्याने त्यांचा हात हातात घेऊन शिकवले पाहिजे.

उदाहरणातील कुत्रीचा रोग औषधे चालू असताना नव्हे, तर ती बंद होऊन जवळजवळ साडेतीन महिने झाल्यावर परतला, ही जमेची बाजू आहे. औषध चालू असताना परतलेला रोग त्या औषधाला निबर झालेला असतो आणि तेव्हा लोमस्टीनसारख्या वेगळ्या औषधाकडे वळावे लागते. विश्रांतीनंतर परतलेला रोग बहुधा जुन्याच चार औषधांना पुन्हा दाद देतो. डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूला कायमची इजा करू शकते आणि ती इजा साठत जाते, म्हणून आयुष्यभराची एकूण मात्रा दर चौरस मीटरला १८० ते २४० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. पहिल्या फेरीत दर वेळी ३० प्रमाणे चार मात्रांत १२० झाले आहेत. म्हणजे निदान दोन मात्रांची जागा आहे, पण हृदयाची इको तपासणी केल्यानंतरच. दुसऱ्या फेरीच्या पहिल्या इंजेक्शनापूर्वी पाचही ग्रंथी पुन्हा मोजल्या जातात, प्लीहा पुन्हा पाहिली जाते, आणि तीच बेरीज यापुढचा आधार ठरते. दुसरे शमन पहिल्यापेक्षा सहसा आखूड असते, बरेचदा त्याच्या निम्मे. हे घरच्यांना त्या इंजेक्शनापूर्वी, आकड्यांसह आणि सावकाश सांगितले जाते, म्हणजे पुढची फेरी घ्यायची की नाही हे त्यांना जाणतेपणाने ठरवता येते.